कापसातलं मेण

"कापडच ना ते? मग धुतल्यानं बिघडलं कसं?"

शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. हातात मेण दिलेल्या सुती कापडाचं, शेवाळी रंगाचं एक पावसाळी जॅकेट. त्यांचा मुलगा सुमेध स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला शिकायला होता. तिथे एका जुन्या कपड्यांच्या दुकानात त्यानं ते घेतलं आणि सुट्टीला ठाण्याला येताना बॅगेत घालून आणलं. पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत जूनच्या पहिल्या आठवड्यात दमट हवेनं भिंतीसुद्धा चिकट होतात. पॅसेजमधल्या खुंटीवर टांगलेल्या त्या जॅकेटचा वास घरभर पसरला होता. थोडा मेणबत्तीसारखा, थोडा ग्रीससारखा, त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या घामाचा. काकूंनी दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी मुलगा झोपेत असताना जॅकेट मशीनमध्ये टाकलं. चाळीस अंश, पावडर जरा जास्तच, शेवटी पूर्ण वेगाचं स्पिन. आता मुलगा गप्प झाला होता आणि त्या माझ्याकडे आल्या होत्या, कारण कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, हे त्यांना माहीत होतं.

"मेण गेलं त्याचं," मी म्हटलं. त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "मेण वरूनच लावलेलं असणार ना? मग परत लावू की." बोलणं तिथेच थांबलं, कारण त्यांचा कुकर लागला होता. पण तो प्रश्न रात्रभर माझ्या डोक्यातून गेला नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. सुती कापड हे जगातलं सगळ्यात धुण्याजोगं कापड. आपण ते बडवतो, उकळतो, नीळ घालतो, खळ करतो आणि ते सगळं सोसतं. मग हे एकच सुती कापड पाऊण तासाच्या धुण्यानं निकामी का व्हावं? "मेण गेलं" एवढ्यानं त्याचं उत्तर होत नाही. मेण कापडाच्या वर असतं, ही समजूत त्यात तशीच राहते, आणि सगळा घोळ त्या समजुतीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना घरी बोलावलं. देवघरातल्या डब्यातून वातींचा कापूस काढला, औषधांच्या कपाटातून दवाखान्यात वापरतात तो पांढराशुभ्र कापूस काढला. दोन्हीचे सुपारीएवढे पिंजून सैल केलेले बोळे एका पसरट भांड्यातल्या पाण्यावर अलगद सोडले. दवाखान्याचा कापूस काही सेकंदांत पाणी पिऊन तळाला गेला. वातींचा कापूस तरंगत राहिला. काकूंनी त्याला बोटानं दाबून पाण्याखाली नेलं, बोट काढताच तो वर आला, आणि काढून बघितला तर आत कोरडा. त्याभोवती पाण्याखाली चांदीसारखा चमकणारा हवेचा थर त्यांनी स्वतः पाहिला. "दोन्ही कापूसच?" असं त्यांनी विचारलं. दोन्ही कापूसच. फरक इतकाच, की एक धुतलेला आहे आणि दुसरा बोंडातून निघाला तसा.

कापसाच्या प्रत्येक तंतूवर झाडानंच दिलेलं मेण असतं. वजनानं बघितलं तर नगण्य, शंभर ग्रॅम कापसात साधारण अर्धा ते एक ग्रॅम. तेवढ्यानं बोंड उघडल्यावरही सरकी आणि तंतू दंवात, भुरभुर पावसात लगेच भिजत नाहीत. म्हणूनच वातीला कच्चा कापूस चांगला. त्याला पाणी नको असतं, तेल मात्र तो ओढून घेतो. कापड गिरणीत आलं की पहिलं मोठं काम हे मेण घालवण्याचं, नाहीतर रंग आत शिरतच नाही. त्याला आम्ही स्कावरिंग म्हणायचो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, साबणासारखं एखादं रसायन घालून, कापड तासन्तास उकळत ठेवायचं आणि पाणी सतत फिरवत राहायचं. क्षार, उष्णता, ढवळणं आणि पाण्याशी सलगी करून देणारं रसायन. हे चार जमले की मेण सुटतं. बाहेर येतं ते कापड इतकं तहानलेलं असतं, की वरून सोडलेला पाण्याचा थेंब डोळ्यांदेखत नाहीसा होतो. स्कावरिंग नीट झालं की नाही हे आम्ही तसंच तपासायचो, थेंब सोडून आणि तो जिरायला किती वेळ लागतो ते बघून.

हे सांगत असताना काकूंची नजर स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या वॉशिंग मशीनकडे गेली. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

वागळे इस्टेटमधल्या ज्या युनिटमध्ये मी सुरुवातीला होते तिथे याच्या उलटं काम चालायचं. ट्रकवर, धान्याच्या थप्प्यांवर, लग्नाच्या मांडवावर घालायच्या सुती कॅनव्हासच्या ताडपत्र्या. प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्रीनं तो धंदा पुढे खाल्ला, पण तेव्हा पावसाळ्याआधी तीन पाळ्या चालायच्या. कॅनव्हासला बुरशी लागू नये म्हणून तांब्याचं क्षारयुक्त द्रावण, आणि पाणी आत येऊ नये म्हणून पॅराफिन मेण. शेडमध्ये शिरलं की गरम मेणाचा जड, गोडसर वास नाकात बसायचा तो ठाणे स्टेशनपर्यंत सोबत यायचा. ओढणीला, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा. आई म्हणायची, दारातच अंघोळ कर. काकूंच्या जॅकेटचा वास मला मुळीच परका वाटला नाही, उलट त्यानं पोटात काहीतरी हललं. आणि त्याच वेळी, तो वास ज्याला सोसवत नाही त्याचंही मला पटतं, कारण आईचा तो वैताग मी रोज पाहिलेला आहे.

जॅकेटच्या कापडाची गोष्ट ताडपत्रीहून नाजूक. विण घट्ट, सूत बारीक. आधी स्कावरिंग करून झाडाचं मेण काढून टाकतात, मग कापड रंगवतात, आणि मग वितळलेल्या मेणातून ते ताणून नेतात आणि गरम रुळांमध्ये दाबतात. हे रूळ महत्त्वाचे. मेण पातळ असताना त्या दाबानं ते सुताच्या पोटात जातं, एकेका धाग्यातल्या शेकडो तंतूंच्या मधल्या फटींत बसतं. जास्तीचं पिळून निघतं. नंतर कापड गुंडाळून मुरू देतात, की मेण सगळीकडे सारखं पसरावं. कापडाला वरून लुकण नसतं, म्हणून ते रेनकोटसारखं चकचकत नाही. धागा आतून भरलेला असतो.

आणि पाणी अडतं ते या आतल्या भरण्यामुळे. कोरड्या सुती कापडातल्या बारीक फटी पाणी स्वतःहून ओढून घेतात. टॉवेलचं एक टोक बादलीत राहिलं तर सकाळपर्यंत वरपर्यंत ओला होतो, तो याच ओढीनं. फटीच्या भिंतींना पाणी आवडत असेल तर ओढ आतल्या बाजूला. त्याच भिंतींना मेण लागलं की ओढीची दिशा उलटते. फट तेवढीच, पण आता ती पाण्याला बाहेर ढकलते. थेंब कापडावर पसरत नाही, गोल होऊन बसतो, उतार मिळाला की घरंगळतो. आत जायचं तर त्याला कुणीतरी जोर लावून ढकलायला हवं. म्हणून अशा जॅकेटमध्ये पाणी शिरतं ते नेहमी दाबाच्या जागी: पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्याखाली, ओल्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मागच्या बाजूला, कोपराच्या घडीत. नुसत्या उभ्या पावसात ते चांगलं टिकतं, घोडबंदर रोडवर बाइकवर समोरून मार बसला की छातीवरच्या चेनपाशी आधी हार मानतं. शिवणीलाही सुती दोरा वापरला तर फायदा. पाण्यानं दोरा थोडा फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो.

याच्या आधीची पिढी म्हणजे ऑइलस्किन. खलाशांच्या लक्षात आलं होतं, की ओलं शीड कोरड्यापेक्षा वारा चांगला धरतं, पण ओलं शीड जड. मग शिडांना माशाचं तेल, जवसाचं तेल चोळायला सुरुवात झाली. जुन्या शिडांचे तुकडे अंगावर घ्यायचे, त्यातून खलाशांचे पावसाळी कपडे आले. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर कित्येक दिवस वाळवायचं. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात, आणि कापडावर एक कातडी तयार होते. ती पाणी उत्तम अडवते. पण जोडण्याची ही क्रिया थांबत नाही. कातडी पिवळी पडते, कडक होते, थंडीत घडीवर तडकते. शिवाय या क्रियेत उष्णता निघते. नीट न वाळलेले तेलकट कपडे घडी घालून थप्पीत ठेवले तर मधली उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि थप्पी आपोआप पेटू शकते. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, हे रंगारी आजही सांगतात ते यामुळेच.

मेणाचं युग त्यानंतरचं. जेम्स यंग नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं 1850 मध्ये दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं, पुढे स्कॉटलंडच्या तेलकट शेल दगडातून ते भरपूर निघू लागलं, आणि शिडाच्या कापडाचे कारखाने त्याच मुलखात होते. 1894 मध्ये इंग्लंडच्या साउथ शील्ड्स बंदरात जॉन बार्बरनं दुकान थाटलं ते खलाशी, गोदी कामगार आणि कोळ्यांना असे कपडे विकायला. विसाव्या शतकात पिवळ्या तेलकट कपड्यांची जागा हळूहळू मेणाच्या कापडानं घेतली. आजही ऑस्ट्रेलियात ज्याला ऑइलस्किन म्हणतात त्यात जवसाच्या कातडीऐवजी बहुतेक वेळा मेण-तेलाचं मिश्रणच असतं. म्हणून दोन्हींची निगा आता जवळजवळ सारखीच.

काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला या दोन पिढ्यांच्या फरकात दिसतं. जवसाचं तेल कापडाला जखडून बसतं. मेण कशालाच जखडत नाही. ना कापसाशी त्याचा रासायनिक सांधा, ना स्वतःशी. ते फक्त फटीत बसलेलं असतं. त्यामुळे ते कधी तडकून संपत नाही, ऊब दिली की परत वाहतं, चरे बुजवतं, जुन्या मेणात नवं मेण मिसळून जातं. पन्नास-पन्नास वर्षं चालणारी जॅकेटं आहेत ती या गुणावर. आणि मशीनमध्ये ते निघून जातं तेही याच गुणामुळे.

त्या पाऊण तासात काय झालं असेल, ते मला ड्रमच्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. जॅकेटचं मेण म्हणजे मेणबत्तीचं कडक मेण नसतं. तसं असतं तर प्रत्येक घडीवर पांढरी भेग पडली असती. त्यात तेल, पेट्रोलियम जेली अशा मऊ गोष्टी मिसळून ते लवचीक केलेलं असतं, आणि चाळीस अंशांच्या पाण्यात ते आणखी मऊ, लोण्यासारखं होतं. आता पावडर. तिच्यातल्या सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला. तळणीची कढई घासताना तूप जसं भांड्यावरून सुटून पाण्यात पांढरट होऊन जातं, तसंच मेणाचं होतं. असंख्य रेणू मेणाच्या एकेका कणाला वेढतात, कण फटीतून सुटतो आणि पाण्यात तरंगायला लागतो. पावडरीतला धुण्याचा सोडा पाण्याला क्षारयुक्त करतो, म्हणजे सुटलेला कण परत कापडावर बसत नाही. ड्रम कापड आपटतो, वळवतो, त्यामुळे प्रत्येक फट उघडते. शेवटी स्पिनमध्ये उरलेलं मेण पिळून एकीकडे सरकतं. चाळीस अंशांत आणि पाऊण तासात स्कावरिंगइतकं सगळं निघत नाही, पण कुठे सगळं, कुठे अर्धं, कुठे काहीच नाही, अशी अवस्था होते. ती पूर्ण निघण्यापेक्षा वाईट.

ड्रायक्लीनिंग हा त्यावरचा सभ्य पर्याय आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तिथे तर पाण्याऐवजी सॉल्व्हंट असतं आणि त्यात मेण सरळ विरघळतं. तिथून आलेलं जॅकेट दिसायला नीटनेटकं असतं, पण आतून पार कोरडं.

सुमेधबरोबर बाल्कनीत बसून जॅकेट नीट पाहिलं. हातात घेताक्षणी ते हलकं लागलं. मेणाच्या कापडाला एक थंड, किंचित ओलसर स्पर्श असतो, चुरगळलं तर घडी धरून ठेवतं. हे लुळं पडलं होतं, चोळलं की कोरडं कुरकुरत होतं. खांद्यावर आणि बाह्यांवर नकाशासारखे डाग होते. गडद ठिकाणी मेण उरलेलं, फिक्या ठिकाणी नुसता कापूस. ठिकठिकाणी पाण्याचे थेंब सोडले. खिशाच्या झाकणाखाली, जिथे घासणं कमी झालं होतं, तिथे थेंब मण्यासारखा बसला. पाठीवर तो क्षणभर थबकला, मग कडेनं चपटा झाला आणि मागे काळा डाग ठेवून आत गेला. खांद्यावर तर थबकलाही नाही. आतलं चौकटीचं सुती अस्तर आटून बाहेरच्या कापडापेक्षा आखूड झालं होतं, त्यामुळे खालची कड आत वळत होती. मशीनच्या दारावरच्या रबरी पट्टीत बोट फिरवलं तर बोटाला राखाडी, चिकट थर आला. तो काकूंनी लगेच पुसून घेतला आणि मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवून घेतलं. नाहीतर पुढच्या धुण्यातल्या पांढऱ्या शर्टांवर तेलकट ठिपके आले असते.

"परत मेण लावलं की झालं ना, मावशी?" सुमेधचं म्हणणं आईसारखंच होतं.

बनवणारे लोक सहसा स्पष्ट सांगतात, की मशीनमध्ये धुतलेल्या जॅकेटला पुन्हा पहिल्यासारखं मेण बसत नाही. त्याची कारणं आता उघड आहेत. घरी गरम रूळ नसतात, बोटांच्या दाबानं मेण धाग्याच्या गाभ्यात जात नाही. कापड शिवलेलं असतं, त्यामुळे शिवणीच्या आत, दुहेरी पट्टीच्या मधल्या थरात, खिशाच्या मागे हात पोचत नाही आणि तिथलं मेण मात्र धुऊन गेलेलं असतं. शिवाय आणखी एक अडचण असते, ती लोकांच्या लक्षात येत नाही. धुतल्यावर सर्फॅक्टंट थोडं कापडात मागे राहतं. त्यावर मेण लावलं तर मेणाखाली पाण्याला वाट दाखवणारी गोष्ट तशीच बसून राहते, आणि पहिल्याच पावसात थेंब मण्यासारखा न बसता पसरतो. लोक म्हणतात मेण हलकं निघालं. मेण चांगलंच असतं, खाली साबण असतो.

म्हणून आम्ही मेणाला हात लावायच्या आधी साबण काढायला बसलो. मोठ्या टबात साधं गार पाणी, जॅकेट बुडवायचं, हलक्या हातानं दाबायचं, पिळायचं नाही, पाणी ओतायचं. प्रत्येक वेळी थोडं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवायचं आणि फेस किती वेळ टिकतो ते बघायचं. सुरुवातीला फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत यायचा. तो उठल्याबरोबर विरायला लागेपर्यंत हे चालू ठेवलं. काकूंना पाण्याचा एवढा वापर बघवेना, पण ते पाणी त्यांनी जिना धुवायला घेतलं.

वाळवणं हे ठाण्याच्या जूनमध्ये मोठं काम. बाहेरून कोरडं वाटणारं जॅकेट शिवणीत, कॉलरमध्ये, खिशाच्या तळाशी दमट असतं, आणि दमट कापडावर मेण लावलं तर ओल आत कोंडते आणि तिथे बुरशी येते. खिसे उलटे काढून, पंख्याखाली, हँगरला जाड टॉवेल गुंडाळून दिवसरात्र टांगलं. कॉलरच्या आत गालाला लावून बघितलं की ओल कळते, हाताला ती कळत नाही. गालाला थंड लागेनासं होईपर्यंत थांबलो.

मेणाचा डबा सुमेधनं मागवला होता. चांगल्या अवस्थेतल्या जॅकेटला दोनशे मिलीलीटरचा एक डबा पुरतो. इथे तो पुरला नाही, दुसरा उघडावा लागला. डबा उघडून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. गॅसवर थेट कधीच ठेवायचा नाही, मेण पेटतं. दहा-पंधरा मिनिटांत ते पातळ, पारदर्शक झालं. जमिनीवर जुनी चादर, त्यावर जॅकेट, आणि जुन्या सुती बनियनचा तुकडा. थोडंसं मेण घ्यायचं, वीतभर जागेवर गोल चोळायचं, मग लगेच हेअर ड्रायर. कापडावर पांढरट बसलेलं मेण ड्रायरच्या झोतात एकदम चमकतं आणि पुढच्या क्षणी दिसेनासं होतं. ते दिसेनासं झालं म्हणजे धाग्यात गेलं. चमक तशीच राहिली तर मेण जास्त झालं, ते कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. फिकट ठिकाणी कापड मेण अक्षरशः पीत होतं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावावं लागलं. शिवणीवर बोटानं रेघ ओढून दाबलं. कॉलरच्या कॉर्डरॉयला आणि अस्तराला मेण लागू द्यायचं नाही, एवढीच काळजी घेतली. सुमेध तासन्तास एका जागी बसला होता. ॲबर्डीनच्या पावसाबद्दल, घरमालकिणीबद्दल, तिथे पहिल्या हिवाळ्यात वाटलेल्या एकटेपणाबद्दल बोलत होता. काकू मध्येच चहा देऊन गेल्या, आणि दारापाशी थोडा वेळ तशाच थांबून ऐकत राहिल्या.

रात्रभर टांगून ठेवल्यावर सकाळी पुन्हा थेंबाची परीक्षा घेतली. पाठीवर, छातीवर, बाह्यांवर थेंब गोल बसले. रंग सारखा झाला नाही. नकाशा पुसट दिसतोच. काळसर आणि शेवाळी अशा दोन छटा आता कायमच्या. अस्तर लांबणार नाही. खांद्याच्या शिवणीवर, जिथे आत दुहेरी कापड आहे, तिथे थेंब दोन-तीन मिनिटं टिकतो आणि मग हळूच आत जातो.

जुलैमध्ये सुमेध ते घालून येऊरला जाऊन आला. उपवनपासून वर झाडांखाली रिमझिम होती, तोवर सगळं उत्तम चाललं होतं. फाटकाजवळ सरीनं गाठलं आणि दोन्ही खांदे आत ओले झाले. आणि खरं सांगायचं तर बाकीचाही तो ओलाच होता, घामानं. मेण भरलेल्या कापडातून हवा कमी खेळते. दहा अंशांच्या स्कॉटिश पावसात त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे अठ्ठावीस अंश आणि हवेतच एवढं पाणी, की घामाला उडून जायला जागा नसते. हे कापड ज्या हवेसाठी झालं तशी हवा ठाण्याला कधीच नसते. पाऊस असतो तेव्हा थंडी नसते, थोडीफार थंडी असते तेव्हा पाऊस नसतो. माळशेजच्या वाटेवर पहाटे बाइकवर त्याचं चीज होईल, ठाण्याच्या रस्त्यावर नाही. मला ते कापड मनापासून आवडतं, तरी पावसाळ्यात इथे रोज घालायला मी कुणाला सुचवणार नाही.

काकूंची मूळ तक्रार वासाची होती आणि ती खोटी नव्हती. त्या वासाचा मोठा भाग मेणाचा नसतोच. घाम आणि मळ अस्तरात असतो, बाहेरच्या कापडावर धूळ बसलेली असते, आणि दमट कपाटात त्या मळावर बुरशी वाढते. म्हणून त्यांना मी करून दाखवलं ते एवढंच. चिखल वाळू द्यायचा, मऊ ब्रशनं झाडायचा. गार पाण्यात स्पंज बुडवून बाहेरची बाजू पुसायची, साबण नाही, गरम पाणी नाही. अस्तर उलटं काढून काखेपाशी आणि कॉलरपाशी ओल्या फडक्यानं टिपायचं आणि पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. पांढरट बुरशी दिसली तर ती बाहेर, गच्चीवर नेऊन झाडायची, मग पुसायची, आणि तेवढ्या भागाला पुन्हा मेण द्यायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचं नाही, जुन्या सुती चादरीची पिशवी चालेल. मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचं नाही, मेण सुटून सीटला लागतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर काकूंनी विचारलं, की दर वर्षी मेण द्यायचं तर तिथे ते कोण देईल. सुमेध म्हणाला, मीच देईन. त्यावर त्यांनी उरलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, दोन पिशव्यांत गुंडाळला आणि चेक-इनच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीपासून लांब ठेवायला सांगितला.